उचल आणि इसार

पैसा आधी घेणं वाईट नाही. कुणाकडून घेतला आणि तो कुठं गेला, एवढंच विचारा.

महाबळेश्वरच्या बाजारात टुरिस्ट चामड्याच्या चपला वाकवून बघतो, वास घेतो, भाव पाडतो. ती चप्पल ज्याच्या रापीखालून निघते, तो बहुतेक वेळा उचलीवर बसलेला असतो. व्यापारी चामडं देतो, सणाला हजार-दोन हजार उचल देतो आणि जोडीमागं मजुरी ठरवतो. उचल दर आठवड्याला कापली जाते, पण फिटत नाही. ती फिटायच्या आतच पोरगी आजारी पडते, शाळेची फी येते, आणि पुन्हा नवी उचल. मी हे घरात बघत मोठा झालो. उचल हा पगार नाही, गळ्यातली दोरी आहे. ज्याची उचल, त्याचाच भाव.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात सातारा आणि सांगली जिल्हेही आहेत. नाव राखलं गेलं, बरं झालं. पण नाव दाखवून कुणी चामडं उधार देत नाही.

मग चामड्याचा पैसा आणायचा कुठनं? जो चप्पल घालणार, त्याच्याचकडनं. त्याच्या पायाचं माप कागदावर काढून घ्यायचं, नमुना दाखवायचा आणि अर्धी किंमत इसार म्हणून घ्यायची. दोन दिवसांचा पाहुणा निघून जाईल, जोड टपालानं त्याच्या मागं जाईल. टपालखर्च त्याचा, आणि उरलेले पैसे जोड टपालात टाकायच्या आधी.

हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही आपले घाला. जोड 1200 रुपयांची. चामडं, वादी, खिळे मिळून 450. इसार 600. एका जोडीपुरतं चामडं घेऊन परवडत नाही, मोठा तुकडा घ्यावा लागतो. म्हणून ऑर्डरी एकेक करून नाही, दहाच्या खेपेनं घ्यायच्या. इसाराचे 6000 आले. 4500चं चामडं-सामान आलं. 1500 घरात चुलीला. काम संपल्यावर बाकीचे 6000. म्हणजे दहा जोडींमागं घामाचे 7500. तेच काम 300 मजुरीनं केलं, तर 3000, आणि त्यातून पुन्हा उचल कापणार.

दुसरा फायदा कुणी बोलत नाही. मापं आधी कळली की मोठे तळ आणि लहान तळ एकाच तुकड्यावर मांडून कापता येतात, वाया कमी जातं. आणि न खपलेल्या नंबरांचा ढीग लागत नाही. दुकानात पडून राहिलेली जोड म्हणजे अडकलेलं चामडं.

आता फसतं कुठं, ते ऐका. दोन दिवसांत चाळीस माणसं पैसे द्यायला तयार होतात. मोबाईलवर पैसे टणाटण पडतात. कारागिराला वाटतं, कमाई झाली. झाली नाही! ते देणं आहे, फक्त चपलेत फेडायचं. चाळीस जोडींचा इसार घरात खर्ची पडला, की पुढच्या माणसाच्या पैशानं मागच्याचं चामडं आणावं लागतं. एक दिवस नवं गिऱ्हाईक येत नाही, आणि सगळं एकदम कोसळतं. तेव्हा शिवी कुणाला बसते? व्यापाऱ्याला नाही. जातीला बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. शनिवारी मोजा. न कापलेल्या जोडी किती राहिल्या? दहा. मग चामडं आणि रोख मिळून 4500 हातात पाहिजेत. दोनच हजार असतील तर अडीच हजार पोटात गेले. नवी ऑर्डर त्याच दिवशी बंद.

तारीख देतानाही खोटा जोर नको. तीन दिवसांत दोन जोडी होत असतील, तर दहाला पंधरा दिवस लागतात. सांगायचं पंचवीस. चामडं भिजवतात, ठोकतात, वाळवतात, आणि महाबळेश्वरच्या पावसात वाळणं कुणाच्या हातात नाही. नुसती बुरशी धरते. जून ते सप्टेंबर तारीख देऊच नये. पावती लेखी: माप, नमुना, तारीख, घेतलेली रक्कम. कापायच्या आधी कुणी नको म्हणाला तर पूर्ण पैसे परत. कापल्यावर चामड्याचे कापून बाकी परत. हे इसार घेतानाच सांगायचं, भांडताना नाही.

आणि शेवटचं. इसारावर कायम जगायचं नाही. प्रत्येक खेपेच्या बाकीतनं 1500 वेगळे काढले, तर तीन खेपांत एका खेपेचं चामडं स्वतःचं होतं. मग गिऱ्हाइकाला सांगता येतं, दोनशे दे, नाव लिहितो. व्यापाऱ्याला सांगता येतं, जोड पाहिजे तर माझ्या भावानं ने.

उचल माणसाला बसवून ठेवते. इसार नीट राखला तर त्याला उठवतो. रापी आपलीच आहे, आता तिच्याखालचं चामडंही आपलं पाहिजे.