स्कूल बसमध्ये मुलाला त्रास. तक्रार नेमकी कुणाकडे?

अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, बसमधल्या माणसाने मुलाला चिडवलं, दमदाटी केली की पालक ड्रायव्हरशी भांडतात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात. नोंद कुठेच होत नाही. वर शाळा सांगते, माणूस ठेकेदाराचा आहे.

हे उत्तर ऐकून घेऊ नका. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. म्हणून पहिला अर्ज त्यांनाच द्या. तारीख, बसचा नंबर आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. शाळेने दाद दिली नाही, तर तीच प्रत घेऊन माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षकांकडे, प्राथमिकसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा.

मारहाण किंवा नको तिथे हात लावला असेल, तर मात्र शाळेची वाट पाहू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यावर दोन चिमुकल्यांच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. गुन्हा नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासनतास ताटकळावं लागलं. पोलिसांना कळवलं नाही म्हणून पुढे शाळेच्या व्यवस्थापनावरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला.

अशा वेळी ११२ किंवा १०९८ वर फोन करा. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा. मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. एकदा सांगितलेलं लगेच लिहून ठेवा.