आठ टक्क्यांचे पत्रक आणि अकरा महिन्यांचा पुरावा

एका तालुक्याच्या गावाहून कार्यकर्त्याने मोबाईलवर काढलेले एका पत्रकाचे छायाचित्र पाठविले आहे. पत्रक रंगीत आहे. वर समईचे चित्र, मध्यभागी ठळक अक्षरांत ‘दरमहा ८ टक्के निश्चित परतावा’, त्याखाली ‘१८ महिन्यांनंतर मूळ रक्कम सुरक्षित परत’, आणि तळाशी ‘शासनमान्य नोंदणीकृत संस्था’ हा शेरा. सोबत कार्यकर्त्याचा प्रश्न आहे : “आपल्या युनियनमधील निवृत्त माणसे यात फंडाचे पैसे घालीत आहेत. विचारले तर म्हणतात, आठ महिने झाले, पैसे वेळच्या वेळी मिळताहेत. त्यांना काय सांगावे?”

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत आणि दोन्ही निकामी आहेत. पहिले उत्तर सुशिक्षितांचे : लोक लोभी असतात, म्हणून बुडतात. ज्या माणसाने तीस वर्षे एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्या, ज्याला तुटपुंज्या पेन्शनवर घर चालवायचे आहे आणि बँकेतील ठेवीचे व्याज महागाईपुढे टिकत नाही, त्याने दरमहा काही हजारांची सोय शोधली तर त्याला लोभी म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा होय. दुसरे उत्तर व्यवहारी म्हणविणाऱ्यांचे : पैसे मिळताहेत ना, मग ओरडायचे कारण काय? हे उत्तर अधिक घातक आहे, कारण ते पुराव्याचा आव आणते. प्रथम त्याचाच समाचार घेऊ.

समजा, १०० जणांनी प्रत्येकी एक लाख रुपये भरले. जमा झाली एक कोटी. त्यातून ठेवी आणणाऱ्या दलालांना ५ टक्क्यांप्रमाणे ५ लाख गेले. उरले ९५ लाख. दरमहा प्रत्येकाला ८ हजार, म्हणजे एकूण ८ लाख द्यावयाचे. आता असे धरा की चालकाने या पैशातून एका पैचाही धंदा केलेला नाही. रक्कम कपाटात ठेवून तो केवळ वाटप करतो आहे. तरीही तो ११ महिने एकही तारीख न चुकविता पैसे देऊ शकतो. अकरा महिन्यांत ८८ लाख संपतील, ७ लाख उरतील आणि बाराव्या महिन्यात प्रथमच एक लाख कमी पडतील. तात्पर्य, आठ महिने पैसे मिळाले यावरून एवढेच सिद्ध होते की ठेवीदाराला त्याचेच ६४ हजार परत मिळाले. त्याला तो व्याज म्हणतो आणि मुद्दल शाबूत आहे असे समजतो. धंदा चालू असल्याचा हा पुरावा नव्हे.

आता सहाव्या महिन्याचे वाटप झाल्यावर, ‘पैसे मिळताहेत’ या ख्यातीच्या बळावर, आणखी १०० जण आले असे धरा. कपाटात ४७ लाख उरले होते, त्यात दलाली वजा जाता ९५ लाखांची भर पडली; झाले १ कोटी ४२ लाख. पण दरमहाचे देणेही दुप्पट, म्हणजे १६ लाख झाले. ही रक्कम आठ महिने पुरेल. योजना चौदाव्या महिन्यापर्यंत चालेल आणि पंधराव्यात कोसळेल. ठेवीदार दुप्पट झाले, आयुष्य मात्र तीनच महिन्यांनी वाढले आणि बुडणारे मुद्दल एक कोटीचे दोन कोटी झाले. म्हणूनच अशा योजनेला नव्या माणसांची भूक कधी संपत नाही, आणि म्हणूनच मुदत १८ महिन्यांची ठेवलेली असते. मुद्दल परत करण्याचा दिवस उजाडण्याआधीच दुकान बंद व्हावयाचे असते. बोस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देण्याचे वचन देऊन हाच खेळ केला. गणित तेच आहे, समई तेवढी नवी.

आता पत्रकाकडे वळू. दरमहा ८ टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ९६ टक्के. ठेवी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने वार्षिक साडेबारा टक्क्यांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. हे पत्रक ती मर्यादा सातपटींहून अधिक ओलांडते. एवढे एक वाक्य वाचल्यावर खरे तर पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही. ज्याला खरोखर वर्षाला ९६ टक्क्यांहून अधिक नफा होतो, तो त्याच्या कितीतरी कमी दराने बँकेचे कर्ज का काढीत नाही? निवृत्त मेकॅनिकच्या दारात ९६ टक्के देऊन पैसे मागावयास तो का येतो? याचे एकच उत्तर आहे. बँक ताळेबंद मागते, मेकॅनिक मागत नाही.

‘निश्चित’ हा शब्द दुसरी खूण होय. पत्रकात मजकूर आहे की पैसे शेअर बाजारात गुंतविले जातात. बाजाराचा भाव दर दिवशी वरखाली होतो, मग त्यातून येणारी रक्कम दर महिन्याला तीच कशी राहील? ‘नफ्यात वाटा’ आणि ‘निश्चित परतावा’ हे शब्द एका वाक्यात नांदूच शकत नाहीत. शिवाय संपूर्ण पत्रकात ‘ठेव’ हा शब्द कोठेही नाही. ‘सहभाग रक्कम’ आहे. ही मखलाशी हेतुपुरस्सर आहे. ठेव म्हटले की ठेवीचा कायदा आला.

तिसरी खूण ‘शासनमान्य’ या शेऱ्यात आहे. त्याखाली तीन क्रमांक छापलेले आहेत : एक जी.एस.टी.चा, एक उद्यम नोंदणीचा आणि एक कंपनी नोंदणीचा. तिन्ही खरे असू शकतात आणि तरीही पत्रक खोटे असू शकते. पहिला कर भरण्यासाठी असतो, दुसरा लघुउद्योग म्हणून नोंद झाल्याचा, तिसरा कंपनी जन्माला आल्याचा. यांपैकी एकही लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. उलट, कंपनीचा २१ अक्षरी क्रमांक चालकाविरुद्ध साक्ष देतो. त्यातील नववे ते बारावे स्थान स्थापनेच्या वर्षाचे असते आणि त्यानंतरची तीन अक्षरे कंपनीचा प्रकार सांगतात. छायाचित्र मोठे करून पाहिले तर वर्ष २०२३ दिसते. मग वरच्या कोपऱ्यातील ‘२५ वर्षांचा विश्वास’ कोणाचा? पुढची अक्षरे PTC अशी आहेत, म्हणजे ही खाजगी कंपनी आहे. आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खाजगी कंपनीला आपल्या सभासदांखेरीज आम जनतेकडून ठेवी घेता येत नाहीत. पत्रकानेच आपला गुन्हा आपल्या हाताने छापला आहे.

चौथी खूण तारणाची. ‘पुढील तारखेचा चेक आणि स्टॅम्प पेपरवर करार’ असे आश्वासन आहे. खात्यात रक्कम नसेल तर चेक हे तारण नव्हे, कोर्टाची वारी आहे. कराराचा मसुदा पाहिला तर त्यात बहुधा ‘हातउसने’ लिहिलेले आढळते आणि आठ टक्क्यांचा उल्लेखच नसतो. ही युक्ती जुनी आहे. कलकत्त्यात १९७५ साली अवघ्या ७ हजारांच्या भांडवलावर निघालेली संचयिता इन्व्हेस्टमेंट्स ही भागीदारी पेढी ठेवीदाराला ४८ टक्के देई, पुढे ३६ टक्के. पण कागदावर १२ टक्केच लिही. कागद आणि बोली यांत जेवढे अंतर, तेवढा चालकाचा बचाव. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पेढीविरुद्धची फिर्याद रद्द केली, कारण १९७८ च्या चक्रीय पैसा योजनांवरील बंदीच्या कायद्यातील व्याख्येत तिचा व्यवहार बसत नव्हता.

पूर्वी कायद्याची ही फट होती. आज ती सबब राहिलेली नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने प्रश्न उलटा केला आहे. योजना कोणत्या व्याख्येत बसते हे ठेवीदाराने दाखवावयाचे नाही. ती कोणत्या नियामकाच्या अखत्यारीत आहे हे चालकाने दाखवावयाचे. दाखविता येत नसेल तर तिची जाहिरात करणे, तीत येण्यास लोकांना सांगणे हाच गुन्हा ठरतो. त्याला एक ते पाच वर्षांची कैद आणि दोन ते दहा लाखांचा दंड आहे. पैसे बुडण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘अजून कोणी तक्रारदार नाही’ हे पोलीस ठाण्यातील नेहमीचे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही. १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा मुख्यतः पैसे थकल्यानंतर मालमत्ता जप्त करून कामी येतो. तोवर मालमत्ता बहुधा उरलेली नसते. पत्रक हाती आले तो दिवस आणि पैसे थकले तो दिवस, यांमधल्या महिन्यांतच काय ते होऊ शकते.

म्हणून छायाचित्र नीट काढावे. पत्रकाच्या दोन्ही बाजू, चारही कडा दिसतील अशा, कारण बारीक अक्षरे आणि मुद्रकाचे नाव तळाशीच असते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो धाडल्यास अक्षरे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावा. मूळ कागद फेकू नये. तो कोणी, कोठे, कोणत्या तारखेला दिला हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पैसे भरण्यासाठी चौकोनी क्यूआर संकेत छापलेला असल्यास तो तपासून खातेदाराचे नाव पाहावे, मात्र पैसे भरू नयेत. कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर तेही टिपून ठेवावे. मग रिझर्व्ह बँकेच्या यादीत, ठेवी घेण्यास परवानगी असलेल्या कंपन्यांत, हे नाव आहे काय ते पाहावे. त्या यादीत मोजकीच नावे आहेत. नसेल तर sachet.rbi.org.in येथे आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.

राहता राहिला दलाल. तो बाहेरून आलेला ठग नसतो. तो आपल्याच शाळेतला शिक्षक असतो, आपल्याच युनियनचा जुना पदाधिकारी असतो, आणि बहुधा त्याचेही पैसे अडकलेले असतात. परंतु खोटे आहे हे ठाऊक असताना जो लोकांना गळ घालतो, त्यालाही हा कायदा शिक्षा सांगतो. त्याला हे गणित एकदा कागदावर मांडून दाखवावे. ते पाहिल्यानंतरही जो पत्रके वाटीत फिरेल, त्याला आपल्या सभेच्या व्यासपीठावर खुर्ची असता कामा नये. असल्या योजनेच्या उद्घाटनाची फीत कापावयास जाणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. पत्रकावर त्यांचे छायाचित्र छापले जाते तेव्हा ‘शासनमान्य’ या शब्दापेक्षा गरिबाला तेच अधिक मोठे तारण वाटते.