तीनास दोनास पाच म्हणजे नक्की किती?

गेल्या सत्रात आमच्या हाऊसच्या प्रश्नमंजूषा संघात सातवीच्या एका कॅडेटची जागा भरायची होती. सूचना फलकावर एकच ओळ होती : लेखी चाचणी, तोंडी फेरी आणि सत्र परीक्षा यांचा भारांश ३:२:५. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती चुकवली आणि एका लहान मुलाने रविवारच्या फोनवर आपली निवड झाली नाही असे घरी कळवले. म्हणून हा लेख.

लेखी चाचणी ४० गुणांची, तोंडी फेरी २५ ची आणि सत्र परीक्षा ८० ची होती. शेवटी दोन कॅडेट उरले. पहिल्याला ३४, १५ आणि ५२ गुण होते, दुसऱ्याला २६, १५ आणि ६०. मी सरळ मिळालेल्या गुणांना ३, २ आणि ५ ने गुणले आणि बेरीज केली. पहिल्याचे १०२, ३० आणि २६० मिळून ३९२ झाले. दुसऱ्याचे ७८, ३० आणि ३०० मिळून ४०८. दुसऱ्याचे नाव लिहून मी यादी लावून टाकली.

यात काय चुकले? गुणोत्तर सांगते की दहा भागांपैकी तीन भाग चाचणीचे, दोन तोंडीचे आणि पाच सत्र परीक्षेचे. पण मी ज्यांना गुणले ते गुण वेगवेगळ्या मापातले होते. सत्र परीक्षा ८० गुणांची असल्यामुळे ती आधीच जड होती आणि मी तिला वर पाचने गुणले. माझ्या पद्धतीत जास्तीत जास्त गुण १२०, ५० आणि ४०० होतात, म्हणजे एकूण ५७०. त्यात सत्र परीक्षेचा वाटा पन्नास टक्के नव्हे, तर सुमारे सत्तर टक्के होतो आणि तोंडी फेरी वीसवरून नऊच्याही खाली जाते. फलकावर ३:२:५ होते, पण मी वापरलेले गुणोत्तर भलतेच होते.

दुसऱ्या दिवशी हाऊसमास्तर सरांनी मला एवढेच विचारले, "सगळ्यांत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला तुझ्या यादीत किती गुण मिळतील?" मी म्हणालो, "सर, ५७०. दहाने भागले तर ५७." तो आकडा तोंडातून निघताच चूक कळली. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला १०० च यायला हवेत.

मग बरोबर रीतीने मांडले. ३, २ आणि ५ यांची बेरीज १०, म्हणून भारांश ३०, २० आणि ५० टक्के. पहिल्या कॅडेटचे गुण टक्क्यांत ८५, ६० आणि ६५. त्यांतून २५.५, १२ आणि ३२.५ मिळाले, एकूण ७०. दुसऱ्याचे ६५, ६० आणि ७५, त्यांतून १९.५, १२ आणि ३७.५, एकूण ६९. निवड पहिल्याची व्हायला हवी होती. यादी बदलली. मी दोघांचीही माफी मागितली. चुकीने निवडला गेलेला मुलगा काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

माझा एक वर्गमित्र म्हणतो की टक्के काढायची गरजच नाही. प्रत्येक विषयाचे गुण शंभरापैकी करा, ३, २, ५ ने गुणा आणि शेवटी १० ने भागा, उत्तर तेच येते. त्याचे खरे आहे. २५५, १२० आणि ३२५ मिळून ७००, भागिले १०, म्हणजे ७०. तरीही मी टक्क्यांच्या बाजूने आहे. ३:२:५ वाचून चूक दिसत नाही. ३०, २० आणि ५० लिहिले की बेरीज १०० आहे ना, हे कोणीही क्षणात पाहतो आणि तोंडी फेरी जास्तीत जास्त वीस गुण देऊ शकते हे सातवीतल्या मुलालाही समजते.

याला एक मर्यादा आहे. गुणोत्तर ३:२:२ असेल तर बेरीज ७ होते आणि टक्के सुटसुटीत येत नाहीत. ते जवळच्या पूर्णांकात ४३, २९ आणि २९ केले तर बेरीज १०१ भरते. अशा वेळी मित्राची रीत चांगली : आधी सगळे शंभरापैकी करा आणि शेवटी एकदाच ७ ने भागा. त्याहून बरे म्हणजे ठरवणाऱ्यांनी बेरीज ५, १० किंवा २० होईल असेच गुणोत्तर निवडावे.

माझी विनंती एवढीच आहे की, फलकावर भारांश लावताना गुणोत्तराशेजारी टक्के आणि प्रत्येक चाचणीचे कमाल गुणही लिहावेत. आणि यादी करणाऱ्या कॅडेटने कोणाचेही नाव लिहिण्याआधी पैकीच्या पैकी मिळवणारा एक काल्पनिक कॅडेट यादीत घालून पाहावा. त्याला शंभर मिळाले नाहीत, तर यादी लावू नये.