पाठवणीचं गाणं कोणाच्या तोंडचं?

पाठवणीला 'बाबुल की दुआएँ लेती जा' लावणं आता बंद करा. ते रडवतं म्हणून नव्हे, रडायला काहीच हरकत नाही. पण ते गाणं मुलीकडे काय मागतंय ते एकदा नीट ऐका.

'नीलकमल'साठी (१९६८) साहिर लुधियानवींनी लिहिलेलं हे गाणं बापाच्या तोंडी आहे. सासरी इतकं सुख मिळो की माहेरची आठवणच येऊ नये, असा त्यातला आशीर्वाद. रफींच्या आवाजातल्या हुंदक्यामुळे शब्दांकडे आपलं लक्ष जात नाही. पण गाडीपाशी उभ्या असलेल्या आईबापांना असं विसरलं जायचं असतं का? त्यांना लेक सासरी सुखी हवी असते आणि दिवाळीला घरीही हवी असते.

ही ओढाताण जुनीच आहे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्वाचा कंठ दाटून येतो, आणि शकुंतला गेल्यावर तोच कण्व म्हणतो की ठेव परत केल्यासारखं मन निवांत झालं. मुलीला ठेव म्हणणं आज खटकतं, खटकायलाच हवं. पण दुःखासोबत सुटकाही वाटली, हे तो लपवत नाही.

आपलं 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. पी. सावळाराम यांच्या या गाण्यात डोळ्यांतलं पाणीही आहे आणि 'जा' म्हणणंही. पण तिथेही बोलतं माहेर, मुलगी फक्त ऐकते.

मुलगी बोलते ती अमीर खुसरोच्या नावावर चालत आलेल्या 'काहे को ब्याहे बिदेस'मध्ये. भावांना वाडे दिलेत आणि मला परमुलूख, असं का, हे ती थेट बापाला विचारते. रागही त्याच्यावरच आणि जीवही त्याच्यावरच.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात आम्ही हेच लावलं. आधी पाया पडणं, ओटी भरणं, गळाभेटी होईपर्यंत फक्त सनई, तीही हळू, म्हणजे माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईल. ताई गाडीत बसल्यावर 'उमराव जान'मधलं जगजित कौर यांच्या आवाजातलं गाणं. व्हिडिओवाला कुरकुरला, कारण त्याला मिठीच्या क्षणी गाणं हवं होतं. काका काचेपाशी वाकले आणि रडता रडता हसून म्हणाले, "ऐकलं गं बाई, सगळं ऐकलं."

फ्लॅट मुकाट्यानं भावाच्या नावावर झालेल्या घरात हे गाणं टोचेल. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ सालची आहे, तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेणं चालूच आहे. अशा घरांत डीजेला यादी देताना हे गाणं कोणीतरी खोडेलच. ते कोण खोडतंय, एवढं मुलीनं बघून ठेवावं.