‘तुम्ही माणूस आहात का?’ असं सपोर्ट चॅटवर विचारू नका

ऑनलाइन माल विकायला लागलात की सपोर्ट चॅटशी गाठ पडतेच. समोर एक छानसं नाव दिसतं, ‘टाइप करत आहे’ असे ठिपके हलतात. पण नाव आणि ठिपके बॉटलाही देता येतात. आजचे बॉट मराठी बरं लिहितात, विनोदही करतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गमतीचे प्रश्न सोडा. तुमच्या कामाचाच प्रश्न असा विचारा, की उत्तरासाठी समोरच्याला तुमचं खातं उघडून बघावं लागेल.

समजा, एक ऑर्डर परत आली आणि शिपिंगचे २४० रुपये दोनदा कापले गेले. “पैसे का कापले?” असं विचारलंत तर रिटर्न पॉलिसीचा परिच्छेद येईल. तो बॉटही पाठवतो आणि माणूसही, कारण एकाच वेळी दोन-तीन चॅट सांभाळणारा एजंट तयार उत्तरंच चिकटवतो. त्याऐवजी लिहा: “या ऑर्डरवर दोन कपाती दिसतात. दुसरी कोणत्या तारखेची आहे आणि तिच्यापुढे कारण काय लिहिलंय?”

आता उत्तर आणि वेळ एकत्र बघा. लगेच आलेलं मोघम उत्तर कुणाचंही असू शकतं. दोन सेकंदांत नेमकी तारीख आणि कारणासकट चार ओळी आल्या, तर त्या हाताने टाइप केलेल्या नाहीत. “थांबा, बघतो” म्हणून दोन-तीन मिनिटांनी नेमकं उत्तर आलं, तर माणूस असण्याची शक्यता जास्त.

मग एक आकडा मुद्दाम चुकवा: “म्हणजे माझे ४८० परत येणार ना?” लक्ष देणारा म्हणेल, “नाही, जादा कापलेले २४०च.” साधा बॉट बहुतेक वेळा “हो, काळजी करू नका” म्हणून मोकळा होतो. ही काही पक्की परीक्षा नव्हे. चांगला बॉट चूक पकडतो, थकलेला माणूस सोडून देतो. लगेच खरा आकडा लिहा, नाहीतर तक्रारीत गोंधळ राहील.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा: “ही कपात रद्द करायचा अधिकार तुम्हाला आहे का? नसेल तर तक्रार कोणाकडे पाठवताय आणि तिकीट नंबर काय?” इथेही तेच उत्तर फिरून फिरून आलं, तर समोर माणूस असला तरी उपयोग नाही. सरळ वरच्या पातळीवर पाठवायला सांगा.

आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवाच. २०२४ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिल्याच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने निकाल दिला. प्रवाशाकडे स्क्रीनशॉट होता. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी कंपनीचीच, असं ठरलं आणि भरपाई द्यावी लागली. तो निकाल तिकडचा आहे, पण लेखी पुरावा हातात असला की आपलंही भांडण सोपं होतं.