हप्ता तोच, ओझे वेगळे

२०२५ च्या ऑक्टोबरात देशाचा किरकोळ महागाईचा दर अवघ्या ०.२५ टक्क्यावर आला. त्या वेळच्या निर्देशांक-मालिकेतील हा नीचांक होता आणि गृहिणीपासून अर्थमंत्र्यांपर्यंत सर्वांनी समाधान व्यक्त केले. स्थिर व्याजदराने कर्ज घेतलेल्यांना मात्र या समाधानाची किंमत मोजावी लागते, आणि ती बँकेच्या विवरणपत्रात कुठेही दिसत नाही.

समजा, मार्च २०२३ मध्ये एखाद्याने मोटारीसाठी पाच लाख रुपये ९ टक्के स्थिर दराने, पाच वर्षांच्या मुदतीने घेतले. मासिक हप्ता साधारण १०,३७९ रुपये. २०२२-२३ या वर्षाची सरासरी महागाई ६.७ टक्के होती. त्या मानाने पाहता कर्जाचा खरा दर सव्वादोन टक्क्यांच्याही आतच पडत होता, कारण रुपया झिजत होता आणि फेड झिजलेल्या रुपयांतच व्हायची होती. पुढे महागाई ओसरली आणि रुपयाची झीज मंदावली, पण करारातले ९ टक्के जागचे हलले नाहीत. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा बदलत्या दराच्या गृहकर्जदारांना दिलासा मिळाला. स्थिर दरवाल्याला तोही नाही.

फरक किती पडतो? या कर्जात पाच वर्षांत नाममात्र व्याज जाते सुमारे १ लाख २३ हजार रुपये. महागाई सलग ६ टक्के राहिली, तर सर्व हप्त्यांचे मोल कर्ज घेतलेल्या दिवसाच्या रुपयांत ५ लाख ३९ हजार भरते. म्हणजे खरे व्याज ३९ हजारच. महागाई २ टक्क्यांवर स्थिरावली, तर तेच खरे व्याज ९२ हजारांच्या आसपास जाते. करार एकच, हप्ताही तोच; तरी ओझे दुपटीहून अधिक. स्थिर दराचे कर्ज घेणारा नकळत महागाईवर पैज लावत असतो, ती अशी.

तथापि वजाबाकी करताना कोणती महागाई वजा करायची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वर्तमानपत्रातला आकडा देशाच्या सरासरी टोपलीचा असतो. ऋणको हप्ता फेडतो तो स्वतःच्या उत्पन्नातून. रुपया झिजल्याचा लाभ त्याला तेव्हाच होतो, जेव्हा त्याचे उत्पन्न त्या झिजेबरोबर वाढते. केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. महागाई उतरताच जानेवारी २०२५ पासूनची वाढ केवळ २ टक्क्यांची झाली. ज्याचा पगार तीन वर्षे गोठलेला आहे, त्याच्यासाठी महागाई कितीही असली तरी हप्त्याचे ओझे पूर्ण ९ टक्क्यांचेच.

सर्वांत विपरीत स्थिती शेतकऱ्याची. ऑक्टोबरातील घसरण मुख्यतः भाजीपाला आणि डाळींच्या भावांमुळे झाली होती. अन्न व इंधन वगळून काढलेली महागाई तेव्हाही चार टक्क्यांच्या वरच होती. गोव्याच्या ताटातली भाजी बव्हंशी बेळगावहून येते. तिथल्या एखाद्या भाजी-उत्पादकाने ११ टक्के स्थिर दराने ट्रॅक्टर घेतला असेल आणि त्याच्या मालाचा भाव वर्षभरात ५ टक्क्यांनी उतरला असेल, तर त्याच्या मालात मोजलेला कर्जाचा दर जवळपास १७ टक्के होतो. पणजीच्या ग्राहकाला जी स्वस्ताई वाटते, तीच त्याच्या हप्त्यासाठी अधिक पोती मागते. सरासरी आकड्यात ही विषमता पार बुजून जाते.

मग जुने कर्ज फेडून नवे, स्वस्त घ्यावे काय? येथे एक गल्लत हमखास होते. दोन कर्जांची तुलना करताना महागाई दोन्हींकडे सारखीच असते, म्हणून ती हिशेबातून बाद होते. उरतात ते करारातले दर, शिल्लक मुद्दल आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींच्या बदलत्या दराच्या बिगर-व्यावसायिक कर्जांवर हे शुल्क बंद केले आहे. स्थिर दराच्या कर्जांना ती सवलत नाही. वरील मोटारकर्जात तीन वर्षांनंतर सुमारे २ लाख २७ हजार मुद्दल उरते. ते ८ टक्क्यांच्या नव्या कर्जात वळवले, तर उरलेल्या चोवीस हप्त्यांत मिळून वाचतात अडीच हजार रुपये. शुल्क ३ टक्के असेल, तर द्यावे लागतात ६,८०० रुपये.