नाव कुणाचं आणि मजकूर कुणाचा?



आपल्यापैकी कितीतरी जण हल्ली घरच्या घरी सराव-संच, फ्लॅशकार्ड तयार करतात आणि थोड्या पैशांत विकतात. अशा वेळी "मी कॉपीराइट घेतलाय, आता माझं नाव कुणी वापरू शकत नाही" असं वाक्य हमखास कानावर येतं. ते चुकीचं आहे. कॉपीराइट मजकुराला मिळतो, नावाला नाही. नाव सांभाळायचं काम ट्रेडमार्कचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाई तिसरीच्या गणिताचे सराव-संच करतात आणि 'टिटवी' या नावाने विकतात. मुखपृष्ठावर टिटवीचं चित्र आहे. आता तीन माणसं तीन गोष्टी करतात.

पहिला त्यांची पानं जशीच्या तशी छापून स्वतःच्या नावाने विकतो. हा कॉपीराइटचा भंग. बाईंनी शब्दांत मांडलेली उदाहरणं, रचना आणि चित्रं यांचं संरक्षण १९५७चा कायदा आपोआप करतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. मात्र पहिली प्रत कधी तयार झाली याचा पुरावा हवा. मूळ फाइल आणि तारखेसह पाठवलेले ईमेल जपून ठेवा.

दुसरा बाईंची मण्यांच्या माळेवरून पाढे शिकवायची पद्धत उचलतो, पण सगळी उदाहरणं स्वतः लिहितो. राग येईल, पण इथे कॉपीराइट काही करू शकत नाही. पद्धत, कल्पना सगळ्यांची. मांडणी तेवढी आपली.

तिसरा स्वतःचे वेगळे संच बनवतो आणि त्यांना 'टिटवी' म्हणतो. पालक बाईंचेच समजून घेतात. एक ओळही चोरलेली नाही, नुकसान मात्र पुरतं. इथे उपयोग ट्रेडमार्कचाच, कारण एकदोन शब्दांच्या नावाला कॉपीराइट मिळतच नाही.

माझ्या मते खरी मेख नाव निवडण्यात आहे. 'सोपे गणित' हे नाव मालाचं वर्णन करतं. ते शब्द इतर विक्रेत्यांनाही लागतात, म्हणून नोंदणीला अडचण येते. टिटवीचा गणिताशी काही संबंध नाही, म्हणूनच ते नाव भक्कम. आपल्याला नेमकं उलटं वाटतं: नावातून माल कळला पाहिजे!

नोंदणीची वाट अशी. आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा उच्चाराने जवळचं नाव कुणाचं आहे का ते शोधायचं. मग टीएम-ए हा अर्ज. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये, पण एका वर्गासाठी. छापील साहित्य वर्ग १६ मध्ये येतं, शिकवणी वर्ग ४१ मध्ये. दोन्ही हवे असतील तर दुप्पट शुल्क. तपासणीत आक्षेप निघाला तर महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळ अर्ज बारगळतात ते इथेच, कारण टपाल-ईमेल कुणी बघतच नाही. पुढे नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि हरकतीसाठी ४ महिने मिळतात. नोंदणी १० वर्षांची; दर वेळी नूतनीकरण केलं तर कितीही काळ चालते. मात्र नाव वापरात हवं. पाच वर्षांहून जास्त काळ पडून राहिलं तर बाधित व्यक्ती ते काढून टाकायची मागणी करू शकते.

नोंदणी नसली तरी आपण अगदी उघडे पडत नाही. नाव आधीपासून वापरात असेल आणि लोक त्या नावाने आपल्याला ओळखत असतील तर कोर्टात दाद मागता येते. पण ती ओळख बिलं, जाहिराती दाखवून आपणच सिद्ध करायची. नावापुढे 'टीएम' कुणीही लिहू शकतं. गोलातलं 'आर' नोंदणीआधी लावणं मात्र बेकायदा आहे.

चित्राचं दोन्हीकडे नातं आहे. टिटवीचं चित्र कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये आणि खूण म्हणून ट्रेडमार्कमध्ये बसतं. पण ते चित्र दुसऱ्याने काढलं असेल तर पैसे दिले म्हणून ते निर्विवाद आपलं झालं असं धरू नका. हक्क आपल्याकडे दिल्याचा सहीचा कागद घ्या. शिक्षकांनी आणखी एक बघावं: नोकरीचा भाग म्हणून केलेलं साहित्य, वेगळा करार नसेल तर, संस्थेच्या मालकीचं ठरतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पहिल्या दिवशी फाइली जपा, चित्राचा कागद करा आणि वर्णन न करणारं नाव ठेवा. याला खर्च जवळपास नाही. ४,५०० रुपये तेव्हा भरा, जेव्हा पालक दुकानात जाऊन "गणिताचा संच द्या" न म्हणता "टिटवी द्या" म्हणू लागतील. पण तेव्हा मात्र उशीर करू नका, कारण नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.